मागच्या कानाचा बोल्ट

जाम गावच्या चौकाजवळ माझ्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे कडुनिंबाखाली चार बल्ल्या, वर टिनाचं छप्पर, मागं आडोशाला टिनाचाच पत्रा आणि पंक्चर शोधायला पाण्याचं एक घमेलं. चौथी झाल्यावर माझी शाळा सुटली. रोज दुपारी मी बाबांचा डबा घेऊन जायची आणि संध्याकाळपर्यंत तिथंच थांबायची. गिऱ्हाईक आलं की टिनाच्या मागं जाऊन बसायची. अनोळखी माणसापुढं माझ्या तोंडातून शब्द फुटत नसे. तो स्वभाव अजून आहे. म्हणून तर हे वहीत लिहिते आहे, कोणाला बसवून सांगत नाही.

टिनाच्या मागं मला एक काम असे. दिवसभरात खोललेले बोल्ट, नट, वायसर एका जुन्या परातीत पडत, ते निवडायचे. जाडीचे वेगळे, लांबीचे वेगळे. दिसायला दोन बोल्ट सारखे असत, पण एकाचे आटे बारीक आणि दुसऱ्याचे मोठे. ते डोळ्यापेक्षा नखाला लवकर कळत. आट्यावरून नख ओढलं की समजे.

हळूहळू बाबा मला कॅरियर आणि मडगार्ड बसवायला देऊ लागले. सायकलच्या पुढच्या चिमट्याच्या टोकाशी आणि मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमलाच छोटे भोक असलेले तुकडे असतात. आमच्याकडं त्यांना कान म्हणत. मडगार्डच्या काड्या आणि कॅरियरचे पाय या कानांवर बसतात. कानाच्या आत आटे असतात, आणि त्या आट्यांचाच बोल्ट त्यात जातो.

बाबा म्हणत, "भोकाले इचार, बोल्ट कोणता पाह्यजे. आपल्या मनानं घालू नको. बोटानं तीन फेरे गेला तं तो त्याचा. नाई गेला तं पाना लावू नको. पाना नेहमी जिंकते, अन् कान हारते."

लग्न ठरलं तेव्हा आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "तिथं पान्याचं नाव काढू नको. म्हणतीन, पोरगी मिस्त्रीपणा करत होती." मी मान हलवली. न बोलणं मला जड नव्हतं.

सासर पुलगावपासून अडीच कोसावर. सत्तर साल मागं पडून दोन-तीन वर्षं झाली असतील. घरात मामाजी म्हणजे माझे सासरे, आत्याबाई म्हणजे सासूबाई, हे आणि मी. विहिरीवर दीड एकर भाजी. वांगी, मेथी, भेदरं म्हणजे टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर. आत्याबाई रोज पहाटे डोक्यावर टोपलं घेऊन पुलगावच्या गुजरीत जात आणि तिथं बसून भाजी विकत. वीस वर्षं त्या अशाच जात होत्या. मोठं टोपलं, खाली चुंबळ, हात सोडून चालायच्या.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी त्यांची मान धरली. मग डावा हात मुंग्या येऊन बधिर व्हायला लागला. पुलगावच्या डॉक्टरनं सांगितलं, डोक्यावरचं ओझं बंद करा, नाहीतर हात कायमचा जाईल. आत्याबाई घरी येऊन म्हणाल्या, "डॉक्टरले काय लागते सांगाले. भाजी का पायानं जाते?" पण दोन दिवसांनी त्यांच्या हातून पाण्याचा गुंड निसटला, तेव्हा मामाजींनी सायकल घ्यायची ठरवली. ह्यांनी टोपलं सायकलवर न्यायचं, आत्याबाईंनी रिकाम्या हातानं चालत जायचं आणि विकायला बसायचं.

घेतलेली सायकल पुलगावच्या मिलमधल्या एका कामगाराची होती. त्यानं तिला ब्रशनं काळा रंग दिला होता. पुढचं मडगार्ड लावून दिलं होतं, पण मागचं मडगार्ड आणि कॅरियर पोत्यात घालून वेगळं दिलं. त्यांचे बोल्ट रंग देताना कुठं गेले ते त्यालाच माहीत नव्हतं.

ह्यांनी अंगणात सायकल उलटी केली आणि घरातला सगळा लोखंडी पसारा पुढं घेऊन बसले. मी ओट्यावर सांभाराच्या जुड्या बांधत होते. त्यांनी फवारणीच्या पंपाचा एक बोल्ट उचलला आणि डाव्या कानात लावला. बोटानं अर्धा फेराही गेला नाही. एक तर कानात रंग भरलेला, आणि बोल्टही त्याचा नाही. त्यांनी पाना लावला. पहिल्या फेऱ्याला बोल्ट अडला, दुसऱ्याला करकरला आणि मग एकदम हलका फिरायला लागला. लोखंडाचे आटे जातात तेव्हा असाच आवाज येतो. मी तो जामला ऐकलेला होता. माझ्या हातातली जुडी तशीच राहिली.

उजवीकडं त्यांना एक बारीक पण लांब बोल्ट सापडला. तो सैल होता, म्हणून त्यांनी आट्यावर सुतळी गुंडाळली. त्याचं टोक कानातून आत चांगलं बोटाच्या पेराएवढं निघालं. चैनीचं चक्कर म्हणजे फिरवेल उजवीकडंच असतं, कानाच्या अगदी जवळ. रिकामी सायकल फिरवली तर टोक चैनीला लागत नव्हतं, पण मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढीच जागा होती.

"झालं पाह्य," हे म्हणाले. "कॅरियर हलवून पाह्य."

मी उठून हलवून पाहिलं. "हाव," म्हटलं. एवढंच. पुढं बोलले असते तर पान्याचं नाव काढावं लागलं असतं, आणि मामाजी तिथंच चिलीम भरत बसले होते. आमच्या घरात सून सासऱ्यापुढं बोलत नसे. पदर पुढं ओढायचा आणि बोलायचं असेल तर सासूला सांगायचं, सासू सासऱ्याला सांगणार. मामाजी दोन हातांवर बसलेले असले तरी हाच रस्ता.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी पुलगावच्या रेल्वे फाटकात रूळ ओलांडताना सायकल उसळली. डावा बोल्ट नुसता अडकलेला होता, तो निघून पडला. सगळं ओझं उजवीकडं आलं, कॅरियर कलला, मडगार्डची काडी वाकून टायरला घासली आणि उजव्या बोल्टचं टोक चैनीत घुसलं. चाक जागच्या जागी थांबलं. हे रस्त्यावर आपटले, गुडघा फुटला. वांगी रुळांपर्यंत गेली.

मागून आत्याबाई चालत येत होत्या. त्यांनी वांगी गोळा केली, पदराची चुंबळ केली आणि टोपलं डोक्यावर घेऊन गुजरीत गेल्या. तिथं त्यांची जागा ठरलेली होती, रोजची गिऱ्हाइकं वाट पाहत. त्या दिवशी नेलं तसं पुढचे तीन दिवसही नेलं, कारण हे लंगडत होते आणि सायकल भिंतीला टेकवून ठेवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी आत्याबाईंनी मला हाक मारली. कंगवा हातात होता. "माहा हात वर जाऊन नाई राह्यला," त्या म्हणाल्या. "अंबाडा बांधून दे." मी त्यांच्या मागं बसून केस विंचरले. त्यांच्या मानेवर हात लागला तशा त्या दचकल्या. तो करकर आवाज माझ्या कानात सारखा येत होता. मी त्या दिवशी बोलले असते तर हा हात वर गेला असता.

त्याच दिवशी दुपारी मामाजींनी सायकल भिंतीपासून काढली. मामाजींना बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, सगळं काम येत असे. धुरा असो की आरे, गावात कोणाची बंडी मोडली की त्यांना बोलावणं यायचं. त्यांनी कोनाड्यातून बंडीचे दोन बोल्ट काढले, माझ्या अंगठ्याएवढे जाड.

"हे खेळण्याचे बोल्ट कोणं लावले," ते ह्यांना म्हणाले. "काडीवर का वजन राह्यते? लोहाराकडून कान मोठे कोरून आणतो. हे घालतो. मंग तू वांगे काय, दगड ने."

"बरं होईन," हे म्हणाले.

मी दाराच्या आत होते. कान कोरला की त्याच्या भोवती लोखंडाचा नुसता काठ उरतो. बंडीच्या लाकडाला जाड बोल्ट चालतो, कारण भोवती बोटबोट लाकूड असतं. सायकलचा कान मुळातच रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान. तो फुटला तर फ्रेमला पुन्हा लावता येत नाही. मग सायकल विकायची, आणि टोपलं पुन्हा आत्याबाईंच्या डोक्यावर.

आत्याबाई आत गहू निवडत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आत्याबाई, मामाजीले म्हणा, कान कोरू नका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग बाहेर तोंड करून म्हणाल्या, "आयकलं का? सून म्हणते कान कोरू नका."

मामाजी थांबले. "इचार तिले, काऊन?"

"काऊन वं?"

"काठ कागदावानी राहीन म्हणा. पहिल्याच खड्ड्यात फुटन. मंग बोल्ट लावाले जागाच नाई. बोल्ट बारीक होता म्हून पडला असं नाई. त्या कानाचा नव्हता म्हून पडला. अन् उजवीकडचा लांब होता, तो चैनीत गेला."

आत्याबाई ऐकत राहिल्या. "मले एवढं नाई सांगता येत, बाई," त्या म्हणाल्या. "तूच सांग. ते तिथंच तं उभे हायेत."

"मी आयकलं," मामाजी बाहेरून म्हणाले. "तिले इचार, हे तिले कोणं सांगतलं."

आत्याबाईच म्हणाल्या, "बापाचं दुकान हाय ना जामले."

"दुकान बापाचं हाय. हिले काय समजते?"

त्यांनी सायकल हँडलाला धरून अंगणाच्या फाटकाकडं वळवली. मी पदर पुढं ओढला आणि बाहेर आले. अंगणातून पाना उचलला. कोणाकडं न पाहता सायकलच्या पुढच्या चाकापाशी खाली बसले. पुढचं मडगार्ड कामगारानं मूळच्याच बोल्टनं लावलेलं होतं. त्यातला एक मी सोडवला, नखानं आटे पाहिले आणि तो घेऊन मागच्या उजव्या कानाकडं गेले. तिथला लांब बोल्ट आणि सुतळी काढली. कानात रंग होता, पण तोंडाशी लांब बोल्टनं घासून तो निघाला होता. पुढचा बोल्ट दोन बोटांत धरून फिरवला. एक फेरा, दोन, तीन. तिथं रंगाला अडला, पण सरळ उभा राहिला, हलला नाही. मी हात काढून घेतला.

मामाजींनी वाकून तो बोटानं पुढंमागं फिरवला. मग खिशातला बंडीचा बोल्ट काढून कानाशेजारी धरला आणि परत खिशात टाकला.

"अरे," हे मला म्हणाले, "तुले हे येते? मंग मी ठोकून राह्यलो होतो तवा काऊन नाई बोलली?"

आत्याबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू इचारलं होतं का तिले? तू म्हणे हलवून पाह्य. तिनं हलवलं."

मामाजी हसले. "गुडघा फुटला तरी अक्कल नाई आली," ते ह्यांना म्हणाले. "जाय आता, सून सांगते तसे बोल्ट आण."

मग मी खराट्याच्या दोन काड्या घेतल्या. कॅरियरचा पाय, मडगार्डची काडी, एक वायसर आणि कानाची जाडी, सगळं एकाला एक लावून धरलं आणि पहिली काडी तेवढीच तोडली. हा उजवा बोल्ट. तो कानात पूर्ण भरला पाहिजे, पण आत बाहेर निघता कामा नये. डाव्या कानाचे आटे गेले होते. पण डावीकडं चैन नसते, आत नट बसायला जागा असते. म्हणून दुसरी काडी नटाच्या जाडीनं लांब तोडली. हा बोल्ट कानातून आरपार घालून मागून नट लावायचा. कोरायची गरज नव्हती. ह्यांच्या हातात दोन काड्या आणि नमुन्याचा बोल्ट दिला, आणि सांगितलं की लांबी काडीची, पण आटे या बोल्टचे. स्प्रिंगचे वायसरही आणा. एक बोल्ट जास्त आणा.

हे संध्याकाळच्या आत परत आले. दुकानदार काड्या पाहून हसला म्हणाले, पण बोल्ट बरोबर दिले. उजवा मात्र काडीपेक्षा तांदळाएवढा लांब मिळाला. तेवढं चालतं, डोक्याखाली एक साधा वायसर जास्त घातला की टोक मागं येतं.

आधी जास्तीच्या बोल्टला टोकाकडून तीनधारी कानशीनं उभी खाच पाडली. कानाला रॉकेल लावून तो बोल्ट थोडा आत, थोडा मागं असा फिरवत नेला. खाचेत रंगाचा काळा भुगा भरून बाहेर येत होता. उजवा कान असा साफ झाला. ह्यांनी मडगार्डची वाकलेली काडी दगडावर सरळ करून दिली, मग सगळं बसवलं. कॅरियरचा पाय आत, कानाला लागून, कारण ओझं त्याच्यावर. मडगार्डची काडी त्याच्या बाहेर. मग वायसर, मग स्प्रिंगचा वायसर, मग बोल्टचं डोकं. कॅरियरचं पुढचं टोक सीटच्या बोल्टाखाली घेतलं. मडगार्ड वर आणि खाली फ्रेमच्या आडव्या नळ्यांना अडकवलं. सगळं बोटानंच, सैल. एक जरी आधी कसला तर बाकीचे आपल्या भोकासमोर येत नाहीत.

मामाजी उकिडवे बसून पाहत होते. आत्याबाई ओट्यावर होत्या.

"तिले इचार," मामाजी म्हणाले, "कसत काऊन नाई?"

"टायरपासून मडगार्ड दोन बोटं दूर पाह्यजे," मी आत्याबाईंना म्हटलं. "आपल्या वावरातली काळी माती चिकटते. कमी जागा ठेवली तं पावसाळ्यात चाक फिरत नाई."

"दोन बोटं," आत्याबाई ओट्यावरून म्हणाल्या. "मले वाटते, मी आता सैपाकाले लागतो. तुमी दोघं मलेच मधात ठेवून राह्यले."

त्या खरोखरच उठून आत गेल्या. अंगणात मामाजी, हे आणि मी. हे उरलेले वायसर गोळा करत होते. मामाजींनी दोन बोटं टायर आणि मडगार्डच्या मध्ये घातली, सगळीकडून फिरवून पाहिली. मग पाना हातात घेतला आणि माझ्याकडं न पाहता विचारलं, "आता?"

मध्ये कोणी नव्हतं. मी म्हटलं, "आता कसा, मामाजी. पण जोर करू नका. स्प्रिंगचं तोंड मिटलं की थांबा."

त्यांनी कसला. स्प्रिंगचं तोंड मिटलं तिथं थांबले. लग्नानंतर मी त्यांच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मग चाक उचलून मी पायडल फिरवलं. उजव्या बोल्टचं टोक कानाच्या आतच होतं, चैन मोकळी जात होती. ज्वारीचं अर्धं पोतं कॅरियरवर बांधून ह्यांनी गुडघ्याला चिंधी गुंडाळून दोन चकरा मारल्या. मडगार्ड वाजलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोपलं सायकलवर गेलं. आत्याबाई मागून रिकाम्या निघाल्या, पण सवयीनं चुंबळ हातात होती. फाटकात त्यांनी ह्यांना थांबवलं, सायकलवरून उतरून रूळ पायी ओलांडायला लावले आणि टोपल्याला एका हातानं धरून चालल्या. परत आल्या तेव्हा चुंबळ कॅरियरवर बांधलेली होती. टोपल्याखाली टेकू म्हणून ती पुढं कॅरियरवरच राहिली.

त्यांचा हात पूर्ण कधी सुधारला नाही. पोळा येईपर्यंत मात्र त्या आपला अंबाडा आपण बांधायला लागल्या. जरा तिरपा असे. मी सरळ करू का विचारलं की म्हणत, "राहू दे. गुजरीत कोण पाह्यते."

बाबा सांगत, नवा बसवलेला बोल्ट आठ दिवसांनी पुन्हा पाहावा, हादऱ्यानं थोडा सैल होतो. हे मी कोणाला बोलले नव्हते. सायकल बसवली त्याच्या आठव्या दिवशी तर मी विसरलेही होते. संध्याकाळी मामाजींनी सायकल ओट्याला टेकवली, वर पाना ठेवला आणि चुलीकडं तोंड करून म्हणाले, "सूनबाई, डावीकडचा नट पाह्य बरं. मले जरा सैल वाटते."

मी हात धुऊन बाहेर आले. खरंच पाव फेरा सैल होता.